साडेतीन हजारांचं पपी पॅकेज आणि चंपीचं कॅलेंडर

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरमधलं एक घर. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. गावाबाहेर थोडं शेत, शेतात आखाडा आणि आखाड्यावर एक गावठी कुत्रा. २३ फेब्रुवारीला या घरात लॅब्राडॉरची मादी पिल्लू आली. नाव चंपी, जन्म ५ जानेवारीचा, म्हणजे घरी आली तेव्हा बरोबर सात आठवड्यांची. देणाऱ्याने जाता जाता सांगितलं, "एक इंजेक्शन झालंय हो, आता दोनच राहिलेत." कार्ड मात्र दिलं नाही.

आठवडाभरात घरच्यांनी तीन ठिकाणी चौकशी केली. परभणीच्या एका खासगी क्लिनिकात 'पपी पॅकेज' होतं, ३,५०० रुपयांचं. जिंतूरमधलेच एक डॉक्टर घरी येऊन टोचतो म्हणाले, दर वेळचे पैसे दर वेळी. तिसरा पर्याय परभणीच्या सरकारी पशुचिकित्सालयाचा, जिथे केस पेपर काढायचा आणि लस बाहेरच्या मेडिकलमधून आणून द्यायची. घरात लगेच वाद सुरू झाला तो या तिघांत स्वस्त कोण यावर. खरं तर हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी काय विचारायचं आणि ते विचारल्यावर हिशेब कसा पालटला, ते या प्रकरणात दिसतं. पुढचे सगळे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावात आकडे वेगळे निघतील, मांडायची रीत तीच राहील.

आधी जन्मतारीख, मग दरपत्रक

पिल्लाला पहिल्या दिवशी आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळतात. त्यांच्यामुळे पहिले काही आठवडे निभावतात, पण हीच प्रतिपिंडं लसीतल्या जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निकामी करतात. इंजेक्शन टोचलं जातं, पैसे जातात आणि पिल्लाचं शरीर त्याची दखलही घेत नाही. हा अडसर काही पिल्लांत आठव्या आठवड्यालाच संपतो, काहींत बाराव्यापर्यंत टिकतो, काहींत त्याहून पुढे. बाहेरून बघून तो कळत नाही. म्हणून एकच डोस देऊन भागत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत राहायचे आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पुरे झाल्यावर द्यायचा, असं वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनचं मार्गदर्शन सांगतं. अडसर उशिरापर्यंत टिकलेली पिल्लं या शेवटच्या डोसात सापडतात. त्यातूनही एखादं निसटलं तर म्हणून सहा महिन्यांच्या सुमाराला आणखी एक डोस असतो.

थोडक्यात, इंजेक्शनं किती झाली यापेक्षा शेवटचं इंजेक्शन कितव्या वयाला पडलं हे जास्त मोलाचं. पॅकेजं मात्र इंजेक्शनांच्या संख्येवर विकली जातात, आणि गफलत तिथेच होते.

देणाऱ्याने सांगितलेलं 'एक इंजेक्शन' या मांडणीत धरायचंच नाही. कार्डच नाही, म्हणजे कुपीचा स्टिकर नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. ती लस होती की जंतांचं औषध की व्हिटॅमिन, हे सांगायला कोणी नाही. समजा लसच होती, तरी पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लात ती चिकातल्या प्रतिपिंडांनी गिळली असण्याची शक्यता मोठी. एक डोस जास्तीचा झाला तर काही बिघडत नाही, कमी पडला तर बिघडतं.

मग चंपीचं कॅलेंडर असं निघालं. २ मार्चला ती आठ आठवड्यांची होते, तो पहिला डोस. ३० मार्चला बारा आठवडे भरतात, तेव्हा दुसरा डोस आणि सोबत रेबीजचा पहिला. २७ एप्रिलला सोळा आठवडे, तेव्हा तिसरा डोस. आपल्याकडे मोकाट कुत्र्यांमुळे रेबीजचा धोका कायम असतो, म्हणून रेबीजचा दुसरा डोसही त्याच दिवशी. ६ जुलैला सव्वीस आठवडे, तेव्हा चौथा डोस. एकूण चार खेपा, अनेक रोगांवरच्या संयुक्त लसीचे चार डोस, रेबीजचे दोन. चार-चार आठवड्यांचं हे अंतर म्हणजे कमीत कमी खेपांचा आराखडा आहे. आजूबाजूला पार्वोच्या हगवणीने पिल्लं मरत असतील तर डॉक्टर तीन आठवड्यांचं अंतर सुचवतील आणि एक खेप वाढेल. ते पैसे काढायचा डाव समजू नये.

सेव्हन इन वन, नाइन इन वन

परभणीच्या क्लिनिकच्या पत्रकात 'नाइन इन वन' असं ठळक लिहिलं होतं. जिंतूरचे डॉक्टर 'सेव्हन इन वन' म्हणाले. घरच्यांना वाटलं, नऊ म्हणजे दोन रोग जास्त झाकले. असं नसतं.

या मिश्रणांचा गाभा एकच आहे. डिस्टेंपर, पार्वो आणि ॲडिनोव्हायरस या तीन विषाणूंवरची लस प्रत्येक पिल्लाला लागते, आणि बहुतेक लसींत पॅराइन्फ्लुएन्झा जोडलेला असतो. यातल्या ॲडिनोच्या एकाच घटकाने यकृताचा आणि श्वसनाचा असे दोन आजार झाकले जातात, म्हणून कंपन्या ते दोन मोजतात आणि 'फाइव्ह इन वन' पूर्ण होतं. पुढचे आकडे वाढतात ते लेप्टोस्पायरोसिसमुळे. लेप्टोच्या जीवाणूचे अनेक प्रकार आहेत आणि लसीत जितके प्रकार घातले तितके आकड्यात मिळवले जातात. दोन प्रकार घातले की सेव्हन, चार घातले की नाइन. काही मिश्रणांत आकडा वाढतो तो कुत्र्यांमधल्या कोरोना विषाणूमुळे. त्याच्या लसीची शिफारस वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन करत नाही. पिल्लांत तो विषाणू सहसा सौम्य हगवणीपुरताच राहतो.

म्हणून दोन पॅकेजं शेजारी ठेवताना आकडा बाजूला सारायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या. डिस्टेंपर, पार्वो, ॲडिनो आहेत ना? लेप्टो आहे का, आणि किती प्रकारांचा? आणि कोरोनाच्या नावावर जादा पैसे तर लावले नाहीत ना?

चंपीसाठी लेप्टो हवाच. आखाड्यावर धान्याची पोती आहेत, म्हणजे उंदीर आहेत, आणि पावसाळ्यात बांधाला पाणी तुंबतं. उंदराच्या लघवीतून हा जीवाणू पाण्यात उतरतो. तो माणसालाही होतो, त्यामुळे आखाड्यावर राबणाऱ्यांचाही यात वाटा आहे. लेप्टोचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात, तेव्हा कुठे संरक्षण उभं राहतं, आणि ते साधारण वर्षभरच टिकतं. दोन्ही डोस एकाच कंपनीचे असलेले बरे, कारण दोन कंपन्यांच्या लसीतले प्रकार जुळतीलच असं नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की निदान दुसरी आणि तिसरी खेप एकाच ठिकाणी करायची.

लेप्टो खरंच दिला की नाही, हे टेबलाशी उभं राहूनही कळतं. संयुक्त लसीच्या दोन कुप्या असतात. एकीत गोठवून वाळवलेली पांढरी वडी असते, ती विषाणूंची. दुसरीत पातळ द्रव असतो. बऱ्याच लसींमध्ये हा द्रवच लेप्टोची लस असतो, तर काहींत तो नुसतं विरघळवायचं पाणी. द्रवाच्या कुपीवर लेप्टोचं नाव नसेल तर लेप्टो दिला गेला नाही, कार्डावर काहीही लिहिलेलं असो. दोन्ही कुप्यांचे स्टिकर कार्डावर चिकटवून घेतले की वर्षभराने वाद उरत नाही.

आणखी एक चूक इथेच होते. पिल्लू चिमुकलं दिसतं म्हणून अर्धीच लस टोचतात, उरलेली दुसऱ्या पिल्लाला. लसीचा डोस वजनावर ठरत नाही. एक कुपी म्हणजे एक डोस, मग समोर पॉमेरेनियन असो की ग्रेट डेन. जंताचं औषध मात्र नेहमी वजनावर. या दोन्हींची अदलाबदल झालेली कार्डं पाहायला मिळतात: लस 'अर्धी', आणि जंताची गोळी मागच्या वजनाने.

तिघांचं दरपत्रक एका कागदावर

परभणीच्या पॅकेजमध्ये ३,५०० रुपयांत संयुक्त लसीचे तीन डोस, रेबीजचा एक, जंतांचं औषध दोनदा आणि 'मोफत तपासणी'. सुट्या दराने तिथेच घेतलं तर संयुक्त लस ९००, रेबीज ३००, जंतांचं औषध १००, तपासणी ३००. जिंतूरच्या डॉक्टरांची घरी यायची फी ४००, संयुक्त लस ९५०, रेबीज ३५०, जंतांचं औषध १००. सरकारी ठिकाणी केस पेपर ५० धरला. मेडिकलमधून संयुक्त लस ७००, रेबीज २५०, औषध १००. जिंतूरहून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणून जाऊन-येऊन पेट्रोलचे २०० धरले.

आता हे दर चंपीच्या कॅलेंडरवर बसवायचे. पॅकेजचे ३,५०० पकडले तरी रेबीजचा दुसरा डोस त्यात नाही आणि ६ जुलैची खेपही नाही. ते दोन्ही मिळवावे लागतात.

| | परभणीचं पॅकेज | घरी येणारे डॉक्टर | सरकारी |
|---|---|---|---|
| खेपा | ४ | ४ | ४ |
| पॅकेज | ३,५०० | – | – |
| संयुक्त लस | ९०० (चौथा डोस) | ३,८०० | २,८०० |
| रेबीज | ३०० (दुसरा डोस) | ७०० | ५०० |
| जंतांचं औषध, दोनदा | पॅकेजात | २०० | २०० |
| तपासणी किंवा केस पेपर | ३०० (६ जुलै) | १,६०० | २०० |
| जाणं-येणं | ८०० | – | ८०० |
| एकूण रुपये | ५,८०० | ६,३०० | ४,५०० |

पत्रकावर साडेतीन हजार दिसणारं पॅकेज कॅलेंडरवर बसवलं की ५,८०० होतं. त्याच क्लिनिकात सगळं सुटं घेतलं असतं तर ५,६०० अधिक पेट्रोल ८००, म्हणजे ६,४००. पॅकेजचा खरा फायदा ६०० रुपये, एवढाच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंतांचं औषध दोनदा पुरत नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. पिल्लांना आईकडूनच जंत येतात, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा औषध द्यायचं असतं. पण ते घरी देता येतं, फक्त दर वेळी ताजं वजन हवं. पिल्लाला हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. दोनदाच्या वरचा हा खर्च तिन्हीकडे सारखाच, म्हणून वरच्या हिशेबात घेतला नाही.

पॅकेजच्या पाठीमागची बारीक अक्षरं

पत्रकाच्या मागे तीन ओळी होत्या. लसी '४५, ६६ आणि ८७ व्या दिवशी'. पॅकेजची मुदत पहिल्या लसीपासून ६० दिवस. 'मोफत तपासणी लसीकरणाच्या दिवशी.'

पहिली ओळ बघा. पंचेचाळिसाव्या दिवशी सुरू करून सत्याऐंशीव्या दिवशी संपणारं पॅकेज म्हणजे शेवटचा डोस साडेबारा आठवड्यांना. पत्रकाप्रमाणे 'कोर्स पूर्ण', पण चिकातली प्रतिपिंडं उशिरा ओसरणारं पिल्लू उघडंच राहिलं. मे महिन्यात असं पिल्लू रक्ताची हगवण घेऊन येतं आणि मालक कार्ड दाखवून विचारतो की सगळी इंजेक्शनं दिली तरी पार्वो कसा झाला. लस खोटी नव्हती, ती लवकर संपवली होती.

चंपी आधीच उशिरा आली होती, त्यामुळे क्लिनिकने पुढची तारीखवारी दिली: २ मार्च, २३ मार्च, १३ एप्रिल. शेवटचा डोस चौदा आठवड्यांना. यावर उपाय म्हणून मध्ये जादा डोस विकत घेण्याची गरज नव्हती. तेच तीन डोस २ मार्च, ३० मार्च, २७ एप्रिलला द्या, एवढंच सांगायचं होतं. एक रुपया न वाढवता शेवटचा डोस सोळा आठवड्यांवर जातो. क्लिनिकलाही यात तोटा नाही, त्यामुळे सहसा नकार येत नाही. मात्र दोन डोसांत चार आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

पण तारखा पुढे सरकवल्या की दुसरी ओळ आड येते. २ मार्चपासून ६० दिवस म्हणजे १ मे. शेवटचा डोस २७ एप्रिलला. हातात चार दिवस उरतात. त्या आठवड्यात पिल्लाला ताप आला, घरात लग्न निघालं किंवा क्लिनिकची लस संपली, तर शेवटचा डोस मुदतीबाहेर. तो पुन्हा विकत घ्यायचा तर ९०० आणि तपासणी ३००, मिळून १,२००. म्हणजे ६०० वाचवायला १,२०० पणाला लावायचे. या अटीवर पॅकेज घेण्यात अर्थ नाही, सुटं घेतलेलं परवडलं.

घरच्यांनी मुदत ९० दिवस करून मागितली, म्हणजे ३१ मेपर्यंत. क्लिनिकने मान्य केलं आणि पावतीवर पेनाने लिहून सही केली. तोंडी 'बघून घेऊ'वर थांबायचं नाही, कारण दोन महिन्यांनी काउंटरवर वेगळा माणूस बसलेला असतो.

३० मार्च

तिसऱ्या ओळीची किंमत बाराव्या आठवड्यात कळली. ३० मार्चला सकाळी चंपी परभणीला पोचली ती पातळ हागत आणि मलूल. ताप १०३.५ फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. डॉक्टरांनी लस दिली नाही, आणि ते योग्यच केलं. आजारी पिल्लात लसीचा प्रतिसाद नीट उभा राहत नाही, शिवाय पुढे काही बिघडलं तर ते आजारामुळे की लसीमुळे हे ओळखता येत नाही. विष्ठा तपासली तर गोलकृमीची अंडी निघाली. औषध दिलं आणि आठवड्याने बोलावलं.

बिल झालं तपासणीचे ३०० आणि विष्ठा तपासणीचे १५०. घरचे म्हणाले, पॅकेजमध्ये तपासणी मोफत आहे ना? आहे, पण लसीकरणाच्या दिवशी, आणि आज लसीकरण झालंच नाही. शब्दाला धरून क्लिनिक बरोबर होतं. पॅकेजमधली 'मोफत तपासणी' म्हणजे ठणठणीत पिल्लाची तपासणी. पिल्लू आजारी असतं, म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळी, फी लागते. हे आधी माहीत असावं, एवढंच.

या एका दिवसाने तिन्ही बेरजा सरकल्या. पॅकेजवाल्यांकडे फी, विष्ठा तपासणी आणि जादा खेपेचं पेट्रोल धरून ६५० वाढले, एकूण ६,४५०. घरी येणाऱ्या डॉक्टरांकडे हेच घडलं असतं तर फी आणि तपासणीचे ५५० वाढून ६,८५०. सरकारी ठिकाणी केस पेपर, तेवढीच विष्ठा तपासणी आणि पेट्रोल मिळून ४००, एकूण ४,९००. औषधं वेगळी. पिल्लू पहिल्या चार महिन्यांत एकदा तरी आजारी पडणार, हे धरूनच तुलना करावी. एकही आजाराची खेप न धरलेला हिशेब अपुरा असतो.

वेळापत्रकाचं मात्र काही बिघडलं नाही. दुसरा डोस, लेप्टो आणि रेबीज ६ एप्रिलला दिले. २७ एप्रिलला तिसरा डोस, म्हणजे मध्ये तीन आठवडे. दोन ते चार आठवड्यांच्या मर्यादेत बसतं, आणि सोळा आठवड्यांची तारीखही हलली नाही. आधीच्या खेपेत आठवडा चुकला तर असा भरून काढता येतो. शेवटच्या खेपेत चुकला तर मुदत कामाला येते, म्हणूनच ती ३१ मेपर्यंत लिहून घेतली होती.

एक बाब सांगून ठेवतो. हगवणीत रक्त असतं तर पार्वोची झटपट चाचणी करावी लागली असती. नुकतीच पार्वोची लस दिलेल्या पिल्लात ही चाचणी कधी कधी लसीतल्या विषाणूमुळेही पुसट रेघ दाखवते. म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलं तरी लसीची शेवटची तारीख आधी सांगायची.

तपासणी म्हणजे काय केलं

'चेकअप' हा शब्द तिघांच्याही बोलण्यात होता. पिल्लाच्या तपासणीत वजन, गुदद्वारातून घेतलेलं तापमान, हिरड्यांचा रंग, छातीला लावलेला स्टेथोस्कोप, पोट आणि बेंबी दाबून पाहणं, कान आणि कातडीवरच्या गोचिडी एवढं व्हायला हवं, आणि पहिल्या खेपेला विष्ठा. दहा मिनिटांचं काम आहे. बेंबीचा हर्निया किंवा हृदयातला जादा आवाज पहिल्याच खेपेत सापडला तर पुढची दिशा बदलते. पिल्लू टेबलावर ठेवलं, मानेची कातडी उचलली, टोचलं आणि 'पुढची तारीख' सांगितली, याला तपासणी म्हणत नाहीत, मग फी ३०० असो की शून्य. वजन आणि तापमान कार्डावर लिहून मागितलं की तपासणी आपोआप होते.

लस झाल्यावर वीस-तीस मिनिटं तिथेच थांबायचं. तोंड सुजणं, अंगावर गांधी, उलट्या, एकदम लुळं पडणं हे झालं तर बहुधा याच वेळात होतं आणि उपाय हाताशी असतो. घरी येणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच विचारावं की टोचल्यावर वीस मिनिटं थांबणार का, आणि अशा वेळचं इंजेक्शन बॅगेत आहे का. क्लिनिकात आणि चिकित्सालयात दोन्हीकडे पिल्लू मांडीवरच ठेवायचं, फरशीवर सोडायचं नाही. त्या फरशीवर कालच पार्वोचं पिल्लू बसून गेलेलं असू शकतं.

थंड साखळी, एप्रिलमध्ये

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मराठवाड्यात एप्रिलमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा असतो आणि लाइट जाते. म्हणून तिघांनाही एकच प्रश्न: लस कशात ठेवता, आणि लाइट गेल्यावर काय करता? परभणीच्या क्लिनिकात लसीसाठी वेगळा फ्रीज होता, आत थर्मामीटर आणि दारावर तापमानाची नोंद. तो दाखवायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

जिंतूरचे डॉक्टर लस थर्मासमध्ये आणणार होते. पद्धत वाईट नाही, पण त्यात बर्फ थेट कुपीला टेकलेला असेल तर लस गोठते. रेबीजसारख्या मृत विषाणूच्या लसींना गोठणं उन्हाइतकंच मारक. बर्फ आणि कुपी यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा. सरकारी पर्यायात ही जबाबदारी तुमच्यावर येते. मेडिकलच्या फ्रीजमधून काढलेली कुपी खिशात घालून रांगेत तासभर उभं राहिलात तर ७०० रुपयांचं पाणी टोचून घेतलं असं समजा. मेडिकल चिकित्सालयाच्या जवळचं निवडा, आधी केस पेपर काढा, नंबर जवळ आला की मगच लस आणा, आणि तीही बर्फाच्या पिशवीतून.

घरी येणाऱ्या माणसाबद्दल आणखी एक. तो नोंदणीकृत पशुवैद्यक आहे का, हे विचारायला संकोच नको. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक रेबीजच्या प्रमाणपत्रावर सहीखाली असावा. कुत्रं कोणाला चावलं किंवा पाळण्याचा परवाना काढायचा झाला तर हाच कागद पुढे येतो.

ठरलं ते असं

घरच्यांनी पहिल्या तीन खेपांसाठी परभणीचं पॅकेज घेतलं, बदललेल्या तारखा आणि ९० दिवसांची मुदत पावतीवर लिहून घेऊनच. सरकारी पर्याय १,३०० रुपयांनी स्वस्त होता हे त्यांना दिसत होतं. पण उन्हाळ्यात लस स्वतः सांभाळून न्यायची, सकाळच्या वेळातच पोचायचं आणि शाळेची अर्धी रजा टाकायची, हे तीन वेळा जमणार नव्हतं. ज्याचं घर परभणीतच आहे त्याने मात्र उलटं ठरवावं. तिथे पेट्रोल वाचतं, रजा वाचते आणि सरकारी पर्याय सरळ पुढे येतो. उदगीरकरांचंही तसंच. परभणी आणि उदगीर या दोन्ही गावांत पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे पिल्लाच्या लसीसाठी खासगी पॅकेज घेण्याआधी महाविद्यालयाच्या चिकित्सालयात एक फेरी मारावी.

६ जुलैची खेप पॅकेजबाहेर होती, ती सरकारी ठिकाणी करायचं ठरलं. त्या डोसात लेप्टो नसला तरी चालतो, त्यामुळे साधी फाइव्ह इन वन पुरते आणि कंपनी बदलली तरी अडत नाही. लेप्टो आणि रेबीज पुढच्या एप्रिलमध्ये, वर्ष भरताना. तेव्हा क्लिनिक 'वार्षिक पॅकेज' पुढे करील, त्यात पुन्हा नाइन इन वन असेल. डिस्टेंपर, पार्वो आणि ॲडिनोचा गाभा सहा महिन्यांच्या डोसानंतर तीन वर्षांनी दिला तरी पुरतो. दर वर्षी लागतो तो लेप्टो, आणि रेबीज कुपीवरच्या मुदतीप्रमाणे. नुसता लेप्टो वेगळा मिळतो का हे आधी विचारायचं, नसेल मिळत तर नाइलाज.

६ जुलै हा जागतिक प्राणिजन्य रोग दिनही आहे. त्या दिवशी आणि २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला ठिकठिकाणी रेबीजची मोफत लसीकरण शिबिरं होतात. चंपीचे दोन डोस तोवर झालेले असतील. शिबिर परभणीत असेल तर त्याच फेरीत आखाड्यावरच्या गावठ्यालाही गाडीत घालायचं ठरलं आहे. चार वर्षांत त्याला एकही सुई लागलेली नाही, आणि चंपी खेळते ती त्याच्याशीच.